नफा-तोट्याच्या रेषेपलीकडे

१९७१ साली लॉकहीड कंपनी अमेरिकन काँग्रेसकडे २५ कोटी डॉलरच्या कर्जाला सरकारी हमी मागत होती. ट्रायस्टार विमान पूर्ण करायचे होते आणि सुमारे २०० विमाने खपली की खर्च निघेल, असा तिचा हिशेब होता. त्यात जवळपास अब्जभर डॉलर वर्षानुवर्षे अडकून राहण्याची किंमत धरलेली नव्हती. अर्थतज्ज्ञ उवे राइनहार्ट यांनी १९७३ मध्ये नेमके त्यावर बोट ठेवले. भांडवलावर दहा टक्के परतावा धरला, की आकडा ५०० च्या आसपास जातो.

एवढा फरक का पडतो, हे एका छोट्या यंत्रावरून पाहू. किंमत १० लाख, आयुष्य ५ वर्षे, घसारा वर्षाला २ लाख आणि इतर स्थिर खर्च ३ लाख. प्रत्येक नगामागे १०० रुपये सुटतात. ५,००० नग विकले की ताळेबंदात नफा शून्य.

पण हाती काय येते? घसाऱ्याचे पैसे बाहेर जात नाहीत, म्हणून वर्षाला २ लाख रोख उरते. पाच वर्षांत १० लाख परत येतात, मात्र दहा टक्के दराने त्यांचे आजचे मूल्य ७.५८ लाखच भरते. म्हणजे मालकाने २.४२ लाख गमावले. निव्वळ वर्तमान मूल्य शून्यावर आणायला दरवर्षी २.६४ लाख रोख हवी, म्हणजे सुमारे ५,६४० नग. (कर येथे धरलेला नाही.)

परतावा उशिरा येणार असेल, तर ही दरी रुंदावते. ट्रायस्टारचे नेमके तेच झाले: विकासाचा खर्च आधी, विक्री खूप नंतर. १९८४ मध्ये उत्पादन थांबले तेव्हा फक्त २५० विमाने तयार झाली होती.