जुने फोटो हलवायचे, पण हळूच

आमच्या बचत गटाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा आम्ही जुन्या फोटोंची फिल्म केली. मोबाइलच्या ॲपमध्ये फोटो टाकले आणि तयार नमुना निवडला. कार्यक्रमात फोटो झपकन पुढे येत होते, पान उलटल्यासारखे वळत होते. पहिल्या बैठकीच्या फोटोत मागे उभ्या होत्या आमच्या पहिल्या अध्यक्षा. त्या आता नाहीत. पडद्यावर त्यांचं कपाळच कापलं गेलं. त्यांची लेक समोर बसली होती. ती काही बोलली नाही, पण आमच्याच माना खाली गेल्या.

मग आम्ही ती फिल्म पुन्हा केली. कपाळ का कापलं, ते आधी सांगतो. फोटो होता सहा बाय चार इंचांचा, पण टीव्हीचा पडदा त्याहून लांबट असतो. पडदा पूर्ण भरायला ॲप फोटो मोठा करतं आणि उंचीचा जवळजवळ सहावा भाग वर-खाली कापला जातो. म्हणून फोटो अख्खा दिसेल असाच बसवा. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहिली, तर राहू द्या.

दुसरी चूक स्कॅनची होती. ३०० डीपीआयवर आमच्या फोटोला आडवे १८०० ठिपके मिळाले. फुल एचडी पडद्याला १९२० लागतात. त्यामुळे जवळ गेलं की चेहरे पुसट व्हायचे. ६०० वर स्कॅन केल्यावर ३६०० ठिपके मिळाले आणि जवळ जायला जागा झाली.

आता हालचाल. बऱ्याच ॲपमध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असते, तिला कीफ्रेम म्हणतात. फोटो सात सेकंद ठेवला. सुरुवातीला एक खूण केली, आकार १००. शेवटी दुसरी खूण, आकार १०८. मोठा झालेला फोटो थोडा खाली सरकवून त्याची वरची कड पडद्याच्या वरच्या कडेला लावली. आता कापली जाते ती पायाखालची जमीन, डोकी नाहीत. शेवटची खूण फोटो संपतो तिथेच हवी. आधी केली, तर फोटो मध्येच थबकतो.

लांब रांगेचा फोटो असेल, तर तो थोडा मोठा करून एका टोकाच्या चेहऱ्यापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा सेकंदांत सरकवा. एकाच दिशेने जा, परत फिरू नका.

प्रत्येक फोटो हलवला, की फिल्म लग्नाच्या जुन्या सीडीसारखी दिसते. आम्ही दोन फोटो हलवले की तिसरा स्थिर ठेवला. बदाम, चांदण्या, उलटणारी पानं काढली. एक फोटो संपला की सरळ दुसरा.

तयार फिल्म टीव्हीवर लावून चार पावलं मागून बघा. चेहऱ्याआधी हालचाल जाणवली, तर वेळ दोन सेकंद वाढवा.

नवी फिल्म आम्ही त्या लेकीच्या घरी नेऊन दाखवली. तो फोटो आला तेव्हा ती म्हणाली, “थांबवा जरा.”