चार मीटरची रेषा: २००६ ते २०२५

२८ फेब्रुवारी २००६ रोजी पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडताना छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी गाडी कोणती, हे ठरवायला दोन अटी घातल्या. लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत हवी, आणि इंजिन पेट्रोलचे असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असेल तर १,५०० सीसीपर्यंत हवे. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. एक जरी चुकली तरी सवलत पूर्ण जाते. त्यानंतर कराचे दर कितीदा तरी वरखाली झाले, उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला, पण हे तीन आकडे जसेच्या तसे राहिले. बदलली ती रेषेच्या दोन बाजूंमधली दरी. करापूर्वीची किंमत सारखी धरली, तर २००६ मध्ये रेषेबाहेरची गाडी आतल्या गाडीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी महाग पडे. २००८ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचा दर १२ टक्क्यांवर आला, मोठ्यांचा २४ वर राहिला, आणि हा फरक पावणेअकरा टक्क्यांच्या आसपास गेला. २०१७ मध्ये जीएसटीसोबत उपकर आला. त्या सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाडीवर २९ टक्के आणि मध्यम गाडीवर ४५ टक्के कर लागू लागला, म्हणजे फरक साडेबारा टक्क्यांच्या घरात गेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हेच दर १८ आणि ४० झाले; फरक साडेअठरा टक्क्यांवर पोहोचला. प्रत्येक कपातीचे स्वागत स्वस्ताईच्या आनंदात झाले आणि बहुतेक वेळा दरी वाढतच गेली. माझे म्हणणे असे की, आज या रेषेजवळच्या गाड्यांच्या किमतींतला फरक गाडीच्या गुणांपेक्षा या जुन्या रेषेतूनच जास्त येतो.

गाड्या बनवणाऱ्यांना हे लगेच उमगले, आणि त्याचे पुरावे महाराष्ट्रातल्या कारखान्यांतही सापडतात. टाटांची इंडिगो सेडान चार मीटरपेक्षा लांब होती. २००८ मध्ये तिची शेपटी आखडून इंडिगो सीएस आली. मारुतीने २०१२ मध्ये डिझायरची लांबी ४,१६० वरून ३,९९५ मिलिमीटरवर आणली, आणि त्यापायी डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. चार माणसांच्या सामानाची जागा कराच्या तक्त्याने कमी केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. महिंद्राने झायलोला छाटून क्वांटो काढली, आणि २०१६ मध्ये बोलेरोचेही नाक-शेपूट आखडून, दीड लिटरचे इंजिन बसवून ती रेषेच्या आत आणली. इंजिनांचेही तसेच झाले. स्विफ्टचे १,२९८ सीसीचे पेट्रोल इंजिन जाऊन २०१० मध्ये १,१९७ सीसीचे आले. कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात लांबी ३,९८५ ते ३,९९९ मिलिमीटर दिसली, की ती मोजपट्टी कोणाच्या हातात होती ते ओळखावे.

आता पनवेलच्या आरटीओत, एमएच-४६ क्रमांकाने, नोंदणीला येणाऱ्या दोन गाड्या घेऊ: टाटा नेक्सॉन आणि मारुती ब्रेझा. दोन्हींची लांबी ३,९९५ मिलिमीटर. नेक्सॉनचे पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे, टर्बो असलेले. ब्रेझाचे १,४६२ सीसीचे, टर्बोशिवायचे. सप्टेंबर २०२५ च्या कपातीनंतर नेक्सॉनची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत सुमारे ७ लाख ३२ हजार, ब्रेझाची ८ लाख २६ हजार. यातून जीएसटी वजा केला तर नेक्सॉन ६ लाख २० हजारांची उरते आणि ब्रेझा ५ लाख ९० हजारांची. म्हणजे करापूर्वी स्वस्त असलेली गाडी शोरूममध्ये ९४ हजारांनी महाग होते. पुढे महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर लागतो. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर तो ११ टक्के आहे आणि जीएसटीसह असलेल्या किमतीवर आकारला जातो, म्हणून करावर पुन्हा कर बसतो. पनवेलमधल्या ग्राहकाच्या दृष्टीने ९४ हजारांचा फरक १ लाख ४ हजारांचा होतो. कपातीआधी, नेक्सॉन आठ लाखांची आणि ब्रेझा ८ लाख ६९ हजारांची असताना, हाच फरक सुमारे ७७ हजार होता. दोन्ही गाड्या स्वस्त झाल्या हे खरेच, पण एकमेकींपासून दुरावल्याही.

दोन्ही गाड्यांची साधने आणि सोयी सारख्या नाहीत, असा आक्षेप इथे योग्यच आहे. कंपन्या बाजार पाहून किंमत ठरवतात आणि कराचा काही भार स्वतःच्या नफ्यावर घेतात, हेही खरे. पण हा आक्षेप माझ्या बाजूनेच बोलतो: ४० टक्के करातली गाडी बाजारात टिकवायची तर करापूर्वीची किंमत खाली ठेवावी लागते. आणि साधनांचा प्रश्न मिटवणारे जुने उदाहरण आहे. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली, लांबी ३,९९९ मिलिमीटर. तीच गाडी, तेच दरवाजे, तीच डिकी. एक लिटरचे टर्बो पेट्रोल आणि दीड लिटरचे डिझेल रेषेच्या आत, आणि दीड लिटरचे साधे पेट्रोल बाहेर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. छोटी गाडी कमी जागा व्यापते, छोटे इंजिन कमी इंधन जाळते, म्हणून सवलत रास्तच. जागेबद्दल मला मान्य आहे. खारघर-कामोठ्याच्या गल्ल्यांत गाडी लावणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. इंजिनाच्या बाबतीत मात्र २००६ चे गृहीतक टर्बोने मोडले. नेक्सॉनचे इंजिन १२० अश्वशक्तीचे, ब्रेझाचे त्याहून मोठे इंजिन सुमारे १०३ अश्वशक्तीचे. एक्सयूव्ही ३एक्सओचे १,१९७ सीसीचे इंजिन तर १३० अश्वशक्ती देते आणि १८ टक्क्यांत बसते. सीसीवरून ताकदही कळत नाही आणि पेट्रोल किती जळेल हेही नेमके कळत नाही. टर्बो नसलेले बाराशे सीसीचे इंजिन पाच माणसे आणि सामान घेऊन कळंबोलीहून बोरघाट चढते, तेव्हा खालच्या गिअरमध्ये घुमत राहते. तिथे दीड लिटरचे साधे इंजिन अधिक निवांत चालते. त्या निवांतपणावर २२ टक्के अधिक कर का, याचे उत्तर इंधनाच्या हिशेबात सापडत नाही. डिझेलला १,५०० सीसीची मुभा असल्याने मागच्या चाकांवर चालणारी दीड लिटरची डिझेल थारही १८ टक्क्यांत येते.

रेषा कुठेतरी आखावीच लागते, हा शेवटचा आक्षेप. जपानमध्येही 'केई' गाड्यांना मर्यादा आहेत, पण त्या काळाप्रमाणे सरकल्या: इंजिन ३६० सीसीवरून ५५० आणि मग ६६० सीसी, लांबी १९९८ पासून ३.४ मीटर. आपल्याकडे त्याहून चांगले मोजमाप आधीच हाताशी आहे. प्रत्येक मॉडेलची प्रमाणित चाचणी होते, पुण्याची एआरएआय हे काम करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे, आणि कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर केंद्राचे नियम २०१७ पासून लागू आहेत. त्या आकड्यावर चढत्या पायऱ्यांनी कर लावता येईल आणि लांबीसाठी वेगळी, छोटी सवलत ठेवता येईल. प्रयोगशाळेतला आकडा रस्त्यावर तंतोतंत उतरत नाही, हे कबूल. पण चढत्या पायऱ्यांत एखाद्या ग्रॅमच्या फरकाला काही हजारांची किंमत असेल. आज पाच मिलिमीटर किंवा काही सीसींच्या फरकाला लाखभराची आहे, म्हणूनच गाड्यांचे आराखडे रस्त्याऐवजी या तीन आकड्यांभोवती आखले जातात.