स्क्रीन फसवी असली तरी आकडे खरे असतात

कॅलिब्रेट न केलेली लॅपटॉपची स्क्रीन लग्नाच्या फोटोंत सर्वात जास्त फसवते ती उजेडाच्या बाबतीत. ब्राइटनेस पूर्ण वाढवून एडिट केले की फोटो आहे त्यापेक्षा उजळ दिसतो. एडिट करणारा तो तसाच ठेवतो किंवा थोडा उतरवतो आणि लॅबमधून अल्बम काळपट येतो. स्क्रीन मंद असेल तर उलटे होते, चेहरे फटफटीत निघतात. म्हणून पांढरा कागद खोलीच्या उजेडात स्क्रीनशेजारी धरावा आणि स्क्रीनवरचे कोरे पान त्याच्याइतकेच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस कमी करावा. नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद असावेत. स्वस्त पॅनेलवर झाकणाचा कोन बदलला तरी सावल्या बदलतात, त्यामुळे तोही एकच ठेवावा.

रंगाचा निर्णय मात्र डोळ्यांवर सोडू नये. काही मिनिटांत डोळे स्क्रीनच्या पिवळेपणाला सरावतात आणि तोच पांढरा वाटू लागतो. फोटोतल्या प्रत्येक बिंदूचे लाल, हिरवा, निळा हे 0 ते 255 मधले आकडे स्क्रीन कशीही असली तरी बदलत नाहीत. समजा, हॉलच्या पिवळ्या दिव्यांखाली काढलेल्या फोटोत नवरदेवाच्या मित्राच्या पांढऱ्या शर्टावर कर्सर नेला आणि 226, 219, 201 असे आकडे आले. निळा लालपेक्षा 25 ने कमी आहे, म्हणजे फोटोवर पिवळी झाक आहे. टेम्परेचरचा स्लायडर निळ्याकडे सरकवून तिन्ही आकडे जवळजवळ सारखे करावेत. त्यासाठी उपरणे निवडू नये, कारण ते बहुधा मुळातच मोतिया रंगाचे असते. हळदीच्या फोटोत चेहऱ्यावर पडलेली पिवळी आभा खरीच असते, ती पूर्ण पुसली तर प्रसंगच हरवतो. चेहऱ्यावर सहसा लाल सर्वात जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. निळा हिरव्याच्या वर गेला की त्वचा जांभळट दिसते.

फोनचा उपयोग दुसरे मत म्हणून करावा. त्याचा डिस्प्ले मोड ‘व्हिव्हिड’ असेल तर लाल शालू भडकतो, म्हणून ‘नॅचरल’ निवडावा. फोटो sRGB प्रोफाइलसह एक्सपोर्ट करून फोनवर घ्यावा आणि आधी छापून पसंत पडलेल्या जुन्या फोटोशेजारी पाहावा. दोन्ही एकाच स्क्रीनवर असल्याने स्क्रीनचा दोष दोघांनाही सारखाच लागतो, आणि नवा फोटो काळपट किंवा पिवळट असेल तर तो फरक लगेच जाणवतो. लॅपटॉपवर ठीक वाटणारा फोटो फोनवर वेगळा दिसला, तर पुन्हा आकडे आणि हिस्टोग्राम पाहावा. केवळ फोनसाठी फोटो बदलू नये.

तरीही गडद जांभळ्या शालूची वीण किंवा पैठणीचा झगझगीत हिरवा रंग साधे पॅनेल नीट दाखवू शकत नाही. असे दोन-तीन फोटो अल्बमच्याच लॅबमधून लहान आकारात छापून घ्यावेत आणि ते दिवसाच्या उजेडात पाहून मगच पूर्ण संच पाठवावा.