जोखीम कोणाच्या खात्यावर?

दिल्लीच्या पश्चिम भागात श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्स या उद्योगाचे मोठे संकुल होते. सुमारे ७६ एकरांच्या एकाच आवारात कॉस्टिक सोडा, क्लोरीन, गंधकाम्ल, खते आणि वनस्पती तूप यांचे कारखाने उभे होते. क्लोरीनचा कारखाना १९४९ साली सुरू झाला. पुढे शहर वाढत गेले, वसाहती आवाराच्या भिंतीला येऊन भिडल्या, आणि तीन किलोमीटरच्या परिसरातील लोकसंख्या सुमारे दोन लाखांवर गेली.

४ डिसेंबर १९८५ रोजी गंधकाम्ल विभागातील एक टाकी ज्या सांगाड्यावर बसविली होती तो सांगाडा कोसळला आणि टाकी फुटली. टाकीत ओलियम होते. ओलियम म्हणजे गंधकाम्लात मुरविलेला सल्फर ट्रायऑक्साइड वायू. हा द्रव उघड्यावर आला की त्यातून सुटणारा वायू हवेतील ओलाव्याशी संयोग पावतो आणि आम्लाचे दाट धुके तयार होते. ते धुके डोळे, घसा आणि फुफ्फुसे जाळते. वाऱ्याबरोबर ते वस्तीत शिरले. अनेकांना त्रास झाला; तीस हजारी न्यायालयात वकिली करणाऱ्या एका गृहस्थांचा मृत्यू झाला. दोनच दिवसांनी, ६ डिसेंबर रोजी, एका नळीच्या सांध्यातून पुन्हा थोडी गळती झाली. भोपाळच्या दुर्घटनेला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

हा कारखाना दाट वस्तीतून हलवावा, अशी याचिका ज्येष्ठ वकील एम. सी. मेहता यांनी या गळतीपूर्वीच सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली होती. गळतीनंतर दिल्ली विधी साहाय्य मंडळ आणि दिल्ली वकील संघ यांनी पीडितांसाठी भरपाई मागितली. अशा रीतीने एक मूलभूत प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे आला: धोकादायक पदार्थ साठविणाऱ्या उद्योगाकडून अपघाताने हानी झाली, आणि त्यात हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही, तर नुकसान कोणी सोसायचे?

यापूर्वीचे उत्तर इंग्लंडमधून आले होते. लँकेशायरमधील रायलंड्स नावाच्या गिरणीमालकाने आपल्या गिरणीसाठी जलाशय बांधून घेतला. जमिनीखाली जुन्या, वापरात नसलेल्या खाणींची विवरे होती. पाणी त्यांतून वाहत जाऊन शेजारच्या फ्लेचर यांच्या कोळसा खाणीत शिरले. जलाशय बांधणारे ठेकेदार वेगळे होते आणि रायलंड्स यांना त्या विवरांची कल्पना नव्हती. तरीही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांना जबाबदार धरले. जो मनुष्य आपल्या जमिनीवर, जमिनीचा स्वाभाविक उपयोग नसलेली आणि निसटल्यास अपाय करणारी वस्तू आणून ठेवतो, त्याने ती सांभाळली पाहिजे. निसटली तर चूक कोणाची हे न विचारता भरपाई दिली पाहिजे. यालाच कठोर दायित्व म्हणतात.

तथापि या कठोरपणाला अनेक पळवाटा होत्या. दैवी आपत्ती, त्रयस्थाचे कृत्य, पीडिताचा स्वतःचा दोष, पीडिताची संमती आणि कायद्याने दिलेला अधिकार, यांपैकी एखादे कारण दाखविता आले की मालक सुटत असे. जलाशयाच्या पाण्यापुरते हे कदाचित चालले असते. एका आवारात क्लोरीनच्या टाक्या आणि भिंतीपलीकडे हजारो घरे असतील, तर मात्र या अपवादांमुळे संपूर्ण धोका शेजाऱ्यांच्या माथी येतो. कारखान्यात काय घडले, झडप कोणी उघडली, सांगाडा का गंजला, हे शोधण्याचे साधन शेजाऱ्याजवळ नसते. ते सर्व कागद मालकाच्या कपाटात असतात.

सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांनी २० डिसेंबर १९८६ रोजी दिलेल्या निर्णयात नेमका हाच मुद्दा धरला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी नियमाने भारतीय न्यायालय बांधलेले नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. जो उद्योग धोकादायक किंवा स्वभावतःच घातक असा व्यवसाय नफ्यासाठी करतो, त्याचे समाजाप्रती असलेले कर्तव्य निरपवाद आहे आणि ते दुसऱ्यावर सोपविता येत नाही. अपघात झाला तर सर्व वाजवी काळजी घेतली होती, हे उत्तर चालणार नाही. जुन्या नियमाचा एकही अपवाद लागू होणार नाही. हेच निरपेक्ष दायित्व होय.

या निर्णयातील कारणमीमांसा व्यापारी मनाला सहज उमजावी अशी आहे. न्यायालय म्हणते, समाज असा व्यवसाय चालू देतो तो एका अटीवर: त्यातून होणाऱ्या हानीचा भार उद्योगाने आपल्या वरखर्चात धरावा. भाडे, वीज, पगार यांच्यासारखीच ही नोंद होय. मालाची खरी किंमत त्या नोंदीशिवाय पूर्ण होत नाही. ती नोंद वगळून दाखविलेला नफा हा अंशतः शेजाऱ्यांच्या आरोग्यातून उचललेला असतो. भरपाईची रक्कमही उद्योगाच्या आकारमानाशी आणि ऐपतीशी सुसंगत असावी, म्हणजे उद्योग जितका मोठा तितकी भरपाई मोठी, असे न्यायालयाने सांगितले. कारण तिचा उद्देश पुढील अपघात रोखणे हाही आहे.

याच प्रकरणात त्यापूर्वी, फेब्रुवारी १९८६ मध्ये, कारखाना पुन्हा सुरू करण्यास सशर्त परवानगी देताना न्यायालयाने हे तत्त्व रोख रकमेत उतरवून दाखविले होते. ओलियमग्रस्तांच्या दाव्यांसाठी कंपनीने २० लाख रुपये न्यायालयात ठेवावे आणि पुढील तीन वर्षांत क्लोरीन सुटून कोणाला इजा झाली तर त्यासाठी १५ लाख रुपयांची बँक गॅरंटी द्यावी, असा आदेश झाला. शिवाय कंपनीच्या अध्यक्षांकडून वैयक्तिक हमी मागण्यात आली. पुढच्या महिन्यात मात्र ही वैयक्तिक हमी सौम्य करण्यात आली. दैवी आपत्ती किंवा घातपात सिद्ध झाल्यास अध्यक्षांवर ती लागू होणार नव्हती. उद्योगाचे दायित्व आणि व्यक्तीचे दायित्व यांतील हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे लागू होईल, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. समजा, शहराच्या कडेला तीन भागीदारांचे शीतगृह आहे आणि त्यात शीतकरणासाठी अमोनिया वापरला जातो. एका रात्री अमोनियाची नळी फुटते आणि शेजारच्या चाळीतील चाळीस माणसे रुग्णालयात जातात. भागीदार सांगतात की वीज पडल्याने नळी फुटली. जुन्या नियमात ही दैवी आपत्ती ठरू शकली असती. समजा, वीज पडली नाही, चोराने पितळी झडप काढून नेली. जुन्या नियमात हे त्रयस्थाचे कृत्य ठरले असते. समजा, शीतगृहाकडे सर्व परवाने होते आणि चाळ त्यानंतर उभी राहिली. जुन्या नियमात मालकाला हाही बचाव मांडता आला असता. अमोनियाचा साठा घातक मानला गेला, आणि तसे मानण्यास न्यायालयाला फारशी अडचण पडू नये, की १९८६ नंतर यांपैकी एकही उत्तर मालकाला वाचवीत नाही. भागीदारी पेढीत तर दायित्व अमर्याद असते. पेढीची मालमत्ता अपुरी पडली की भागीदारांच्या घरापर्यंत वसुली पोहोचते.

येथेच १९९१ चा लोकदायित्व विमा कायदा महत्त्वाचा ठरतो. धोकादायक पदार्थाची केवळ निर्मितीच नव्हे, तर साठवण, वाहतूक, वापर आणि विक्री हीसुद्धा त्या कायद्याच्या कक्षेत येतात. अपघातसमयी पदार्थ ज्याच्या मालकीचा किंवा ताब्यात असेल तो मालक समजला जातो, आणि पेढीच्या बाबतीत त्यात भागीदारही येतात. पीडिताने पाच वर्षांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. चूक सिद्ध करावी लागत नाही. परंतु ही तातडीची मदत होय, पूर्ण भरपाई नव्हे. मूळ अनुसूचीत मृत्यूसाठी अवघे २५,००० रुपये होते. उर्वरित रकमेसाठी वेगळा दावा करता येतो आणि तेथे निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व उभे राहते. दुसरी मर्यादा अशी की विम्याची सक्ती अधिसूचित प्रमाणापेक्षा अधिक साठ्यालाच लागू आहे. लहान साठ्याला सक्ती नाही, म्हणून दायित्वही नाही, असे समजणारा मोठी चूक करतो.

या तत्त्वाच्याही मर्यादा आहेत. चूक सिद्ध करावी लागत नाही, तरी कार्यकारण सिद्ध करावेच लागते. वायू याच आवारातून आला आणि याच वायूने ही इजा झाली, हे पीडिताने दाखविले पाहिजे. म्हणून त्या रात्रीचा रुग्णालयातील केसपेपर, पोलीस पंचनामा आणि गळतीची नोंद हीच खरी संपत्ती ठरते. आठवडाभर घरगुती उपचार करून मग धाव घेणाऱ्याचा दावा येथेच दुबळा पडतो.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ज्या प्रकरणात हे तत्त्व जन्मले, त्यात न्यायालयाने स्वतः कोणाच्याही हातावर भरपाई ठेवली नाही. ही खासगी कंपनी घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ ठरते काय, हा प्रश्न अनिर्णित राहिला, आणि पीडितांचे दावे योग्य न्यायालयात दाखल करण्याचे काम विधी साहाय्य मंडळावर सोपविले गेले. यावरूनच १९९१ मध्ये, भोपाळ समझोत्याच्या फेरविचारात, त्याच घटनापीठावर बसलेले न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांनी सरन्यायाधीश या नात्याने ते विवेचन केवळ प्रासंगिक मत असल्याचे म्हटले. तत्त्वाचा पाया क्षणभर डळमळला. १९९६ मध्ये राजस्थानातील बिछडी गावच्या प्रकरणात ही शंका फेडली गेली. तेथे रसायन कारखान्यांच्या गाळाने विहिरींचे पाणी नासले होते. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या खंडपीठाने १९८६ चा नियमच भारतीय परिस्थितीला योग्य असल्याचे सांगून तो लागू केला. पुढे २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्यात अपघाताच्या बाबतीत ‘दोषरहित दायित्व’ हे तत्त्व लेखी स्वरूपात आले. ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथे एका कारखान्याच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटून बारा माणसे दगावली, तेव्हा न्यायाधिकरणाने दुसऱ्याच दिवशी कंपनीला ५० कोटी रुपये अंतरिम ठेव म्हणून भरावयास सांगितले.

पश्चिम दिल्लीतील त्या सांगाड्याची वेळीच तपासणी आणि दुरुस्ती झाली असती, तर तो खर्च वार्षिक हिशेबात एखाद्या ओळीपुरता दिसला असता. ती ओळ कोणत्या खात्यावर लिहावयाची, हे १९८६ नंतर संदिग्ध राहिलेले नाही. ज्या गुदामात क्लोरीनचे सिलिंडर, आम्लाचे पिंप किंवा अमोनियाची नळी आहे, त्या गुदामाच्या मालकाने ती आपल्याच खात्यावर, अपघातापूर्वी लिहावी.