परदेशी पैसे अडकले, बँकेला काय लिहायचं?

नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराचं उदाहरण धरू. रॉटरडॅमला कंटेनर गेला, बिल २४,००० युरोचं, आले १६,०००. उरलेल्या ८,००० साठी खरेदीदार म्हणतो, ‘आमच्या सुपरमार्केटनेच अजून दिलेले नाहीत, थांबा.’

हा प्रश्न फक्त त्या दोघांतला नाही. निर्यातीचं परकीय चलन ठरलेल्या मुदतीत देशात आणणं फेमा कायद्याने बंधनकारक आहे. ही मुदत ९ महिन्यांची होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती १५ महिने झाली. पैसे पूर्ण जमा होईपर्यंत ते शिपिंग बिल रिझर्व्ह बँकेच्या संगणक प्रणालीत उघडंच दिसत राहतं.

म्हणून मुदत संपण्याआधीच बँकेला पत्र द्यावं. त्यात शिपिंग बिलाचा क्रमांक व तारीख, आलेली आणि बाकी रक्कम, उशिराचं कारण आणि पैसे येण्याची अपेक्षित तारीख हवी. ‘बाजार मंदा आहे’ एवढ्याने भागत नाही. उशीर आपल्या हाताबाहेरचा होता हे बँकेला पटलं पाहिजे. त्यामुळे खरेदीदाराचा तारीख कबूल करणारा ईमेल आणि आपण केलेल्या तगाद्याच्या प्रती जोडाव्यात.

गफलत होते ती वेगळीच. खरेदीदार ‘माल सडका निघाला, ३,००० कापणार’ म्हणत असेल, तर तेवढ्यापुरती मुदतवाढ मागून उपयोग नाही. तिथे बिलाची रक्कम कमी करण्याचा स्वतंत्र अर्ज आणि सर्वेक्षकाचा अहवाल लागतो. मुदतवाढ उरलेल्या ५,००० साठीच मागायची.