विक्री वाढली की पैसा किती लागेल?

विक्रीच्या टक्केवारीची पद्धत मालमत्ता आणि देणी विक्रीच्या प्रमाणात वाढतात, असे धरते. एका काल्पनिक कंपनीची विक्री १० कोटींवरून १२ कोटींवर जाणार आहे. मालमत्ता विक्रीच्या ६० टक्के असल्याने आणखी १.२० कोटी लागतील. पुरवठादारांची उधारी १५ टक्के, म्हणजे त्यातले ३० लाख आपोआप मिळतील. नफा ५ टक्के. त्यातला ४० टक्के लाभांशात गेल्यावर ३६ लाख उरतात. हा नफा पूर्ण १२ कोटींवर काढायचा. विद्यार्थी हमखास वाढीव २ कोटींवरच काढतात. बाहेरून उभारायचे ५४ लाख.

मात्र मालमत्तेतली अडीच कोटींची यंत्रे ८० टक्के क्षमतेनेच चालत असतील, तर नवी यंत्रे नकोत. ५० लाख वाचून गरज फक्त ४ लाखांची राहते.