चार मोठा की तीन?

तिसरी-चौथीतल्या मुलांना विचारा, 1/3 मोठा की 1/4? बरीच मुलं बेधडक 1/4 म्हणतात, कारण चार तीनापेक्षा मोठा! चार मिनिटांच्या ॲनिमेशनचा आराखडा या एका चुकीभोवती आखावा. बाकीचं पुढच्या पाठात.

पहिलं दृश्य: आजी भाकरीचे दोन तुकडे करते, एक मोठा, एक लहान. धाकटी रुसते, "हे अर्धं नाहीच!" इथे चित्र थांबवावं आणि बाईंनी वर्गाला कारण विचारावं. भाग सारखे हवेत, हे मुलांनीच म्हणावं.

दुसऱ्या दृश्यात भाकरीऐवजी चिक्कीची लांब पट्टी घ्यावी. गोलाचे तीन सारखे भाग लहान मुलांना काढता येत नाहीत, पट्टीचे घडी घालून जमतात. पट्टीचे तीन भाग होतात, ते एकमेकांवर सरकून तंतोतंत बसतात. आकडे अजून नाहीत, नुसतं "तिघांत एक पट्टी".

तिसरं दृश्य खरं कळीचं. तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी, पण चौथा मित्र येतो. चार भाग होतात, प्रत्येकाचा तुकडा आखडतो. दोन्ही तुकडे एकाखाली एक येतात आणि मगच शेजारी 1/3 व 1/4 उमटतात. पट्ट्यांची लांबी वेगळी काढली, तर सगळी तुलनाच फसते. चित्रकाराला हे बजावून सांगावं. तुकडे सरकत असताना निवेदकानेही गप्प राहावं.

शेवटी पडदा बंद करून मुलांना 1/5 विचारावा. चित्र न बघता "आणखी लहान" असं उत्तर कारणासकट आलं, तरच पाठ पोहोचला.